ताकीद नको, नियम सांगा

‘सर्व सभासदांना शेवटची सक्त ताकीद!! वारंवार तोंडी सांगूनही काही महाभाग पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या गाड्या आणून लावतात. ही जागा कोणाची खासगी जहागीर नाही. सुशिक्षित म्हणवून घेणाऱ्यांना एवढे तरी कळायला हवे. भाडेकरूंनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. यापुढे अशी गाडी दिसल्यास चाकातील हवा सोडण्यात येईल व होणाऱ्या नुकसानीस सोसायटी जबाबदार राहणार नाही. – हुकुमावरून, सेक्रेटरी.’

हा मजकूर कुठल्या एका सोसायटीचा नाही. नोटीस बोर्डांवर नेहमी दिसणाऱ्या वाक्यांतून तो नमुन्यादाखल जुळवला आहे. पण डोंबिवली असो, कोथरूड असो की नाशिकचा गंगापूर रोड, लिफ्टशेजारच्या काचेच्या पेटीत असा कागद पाहिला नाही असा रहिवासी क्वचितच सापडेल. आता तर त्या कागदाचा फोटो लागलीच व्हॉट्सअ‍ॅपवर जातो आणि जो रहिवासी वर्षभर बोर्डाकडे बघत नाही तोही तो वाचतो.

वाचून होते काय? पाहुण्यांच्या जागेत खरोखर गाडी लावणारा माणूस ‘महाभाग कोणाला म्हणालात?’ असे विचारत सेक्रेटरींच्या दारात उभा राहतो. कधीही तिथे गाडी न लावणारे तीस-चाळीस सभासद आपल्यालाही ताकीद मिळाली म्हणून नाराज होतात. भाडेकरू गप्प बसतात, पण मनात धरतात. पुढच्या सभेत पार्किंगचा विषय निघतो तेव्हा चर्चा जागेवर होत नाही, ‘भाषेवर’ होते. नियम योग्य असतो, तक्रारही खरी असते, आणि तरी कमिटीलाच खुलासा करावा लागतो.

अशी सूचना लिहिणारा माणूस उद्धट असतो असे मुळीच नाही. गृहनिर्माण संस्थेचा सेक्रेटरी बहुधा नोकरी-धंदा सांभाळून हे काम करतो. तीनदा तोंडी सांगून झालेले असते, दोघांशी बाचाबाची झालेली असते, आणि मग रात्री साडेदहाला संस्थेच्या लेटरहेडवर मजकूर उतरतो. म्हणजे सूचना लिहिली जाते ती नेमकी राग शिगेला पोहोचल्यावर. वाचणाऱ्याला मात्र मागचे काहीच ठाऊक नसते. त्याच्यासमोर फक्त शिक्का मारलेला कागद असतो. म्हणून सूचना बोर्डावर जाण्याआधी तिचा सूर तपासायची सवय लागली पाहिजे. ही तपासणी फार अवघड नाही. मात्र ‘जरा गोड लिहा’ एवढ्या सल्ल्याने ती होत नाही.

प्रत्येक वाक्याला विचारा: तुझे काम काय?

उपयोगी पडणारी पद्धत अशी. मसुद्यातले एकेक वाक्य घ्यायचे आणि समासात त्याचे काम लिहायचे. सूचनेतले वाक्य साधारण चारच प्रकारचे काम करू शकते. ते नियम सांगते, काय करायचे ते सांगते, न केल्यास काय होईल ते सांगते, किंवा हा नियम कुठून आला ते सांगते. या चारांत जे बसत नाही ते वाक्य म्हणजे माणसांवरचा शेरा. शेरा तेवढा खोडायचा.

वरच्या नमुन्यावर हे करून पाहू. ‘शेवटची सक्त ताकीद’ हा शेरा आहे. आधीची ताकीद ज्याने वाचलीच नाही त्याला त्यातून काही कळत नाही. ‘वारंवार तोंडी सांगूनही’ हाही शेराच. एखाद-दोघांना सांगितलेली गोष्ट इथे सगळ्यांच्या नावावर टाकली आहे. ‘काही महाभाग’, ‘खासगी जहागीर’, ‘सुशिक्षित म्हणवून घेणाऱ्यांना’ ही तर उघड टोमण्यांची वाक्ये. ‘भाडेकरूंनी विशेष ध्यानात ठेवावे’ यात एका गटावर संशय आहे. उरते काय? पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये रहिवाशांनी गाड्या लावू नयेत हा नियम, आणि हवा सोडण्याची धमकी. सहा ओळींच्या मजकुरात नियमाला अर्ध्या वाक्याची जागा मिळाली, तीही टोमण्याच्या पोटात.

खोडून झाल्यावर दुसरी गोष्ट ध्यानात येते. पाहुण्यांच्या जागा नेमक्या कोणत्या, हे सूचनेत नाही. पाहुण्याची गाडी रात्रभर राहिली तर चालते का, हेही नाही. ज्या घरात दोन गाड्या आहेत आणि जागा एकच, त्याने काय करायचे याचा उल्लेख नाही. नियम कधीपासून, कोणी ठरवला, याचा पत्ता नाही. म्हणजे ज्या प्रश्नांमुळे भांडणे होतात त्यांतल्या एकाचेही उत्तर कागदावर नाही. ती पोकळी शब्दांच्या जोराने भरून काढलेली आहे.

कडक नियम अपमानकारक वाटतो तो बहुतेक वेळा इथेच. नियमाचा कडकपणा तपशिलात असतो: जागेचा क्रमांक, तारीख, ठराव, दंड. तपशील नसला की लिहिणारा आवाज चढवतो, आणि लिखाणात चढवलेला आवाज म्हणजे उपहास, उद्गारचिन्हे आणि लाल ठळक अक्षरे. सूर उतरवायचा असेल तर आधी तपशील भरावे लागतात.

जी शिक्षा देता येत नाही ती लिहू नये

हवा सोडण्याच्या धमकीकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण नमुन्यातला सगळ्यात दुखरा भाग तोच आहे आणि सगळ्यात पोकळही तोच आहे. दुसऱ्याच्या गाडीला हात लावण्याचा अधिकार कुठल्याच उपविधीने कमिटीला दिलेला नाही. ‘नुकसानीस सोसायटी जबाबदार राहणार नाही’ या शेपटाचाही उपयोग नाही. आपणच हवा सोडणार असे लेखी जाहीर केल्यावर जबाबदारी झटकता येत नाही. उद्या खरेच कोणी हवा सोडली आणि गाडीमालक पोलिसांकडे गेला, तर संस्थेच्या शिक्क्याचा तो कागद त्याच्याच हातात पुरावा म्हणून असेल.

नियम मोडणाऱ्याला दंड करण्याची सोय कायद्याच्या चौकटीत आहे. राज्याच्या सहकार खात्याने गृहनिर्माण संस्थांसाठी आदर्श उपविधी तयार केले आहेत आणि बहुतेक संस्थांनी ते थोड्याफार फरकाने स्वीकारले आहेत. त्यांनुसार उपविधींचा भंग करणाऱ्या सभासदाला आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, आणि मग सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या दराने दंड लावता येतो. त्या दंडालाही वरची मर्यादा आहे. ही वाट लांबची वाटते, पण तिच्यावर चालणारी कमिटी ठाम राहू शकते. म्हणून सूर तपासताना परिणामाच्या वाक्यापुढे एकच प्रश्न लिहावा: हे करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? उत्तर सापडले तर ते वाक्यातच घालावे. सापडले नाही तर वाक्य काढावे.

पाणी बंद करू, लिफ्टचे कार्ड निकामी करू, घरकामाला येणाऱ्या बाईंना गेटवर अडवू, या धमक्या याच जातीच्या. थकबाकी कितीही खरी असली तरी वसुलीसाठी पाणी तोडण्याचा अधिकार कमिटीकडे नसतो. त्यासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये वेगळी तरतूद आहे. २०१९ मध्ये या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले, आणि त्यातल्या कलम १५४ब-२९ खाली संस्थेला निबंधकाकडे अर्ज करून वसुलीचा दाखला मिळवता येतो. त्या दाखल्यावर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. ज्या सेक्रेटरीला हे माहीत असते त्याला ‘पाणी तोडू’ लिहावे लागत नाही. तो कलमाचा क्रमांक लिहितो, आणि वाचणाऱ्याला त्या क्रमांकाची जरब जास्त वाटते.

क्रियापदाचा सूर

मराठीत नियम सांगायच्या तऱ्हा पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीचा सूर निराळा आहे. पार्किंगचेच वाक्य घ्या. ‘इथे गाडी लावू नका’ हा समोरच्या माणसाला उद्देशून दिलेला सरळ हुकूम. गेटवरच्या पाटीला तो शोभतो, शिक्क्याच्या पत्रात जरा रुक्ष वाटतो. ‘गाडी लावाल तर याद राखा’ ही धमकी. ‘रहिवाशांनी गाडी लावू नये’ हे नियमाचे नेहमीचे रूप: ठाम, पण कोणाकडे बोट न दाखवणारे. ‘रहिवाशांच्या गाड्यांना या जागा वापरता येणार नाहीत’ हे आणखी एक पाऊल पुढे जाते. त्यात हुकूम देणारा माणूसच दिसत नाही, फक्त व्यवस्था दिसते. नियम पक्का ठरलेला असेल आणि त्यावरून आधीच वाद झाला असेल, तेव्हा हे शेवटचे रूप सगळ्यात कामी येते.

‘शक्यतो गाडी लावू नये, सहकार्याची अपेक्षा’ हे दुसरे टोक. ऐकायला गोड, पण ‘शक्यतो’ म्हटल्यावर ज्याला शक्य नाही त्याला मोकळीक मिळाली. तो गाडी लावतो, महिनाभराने कमिटी चिडते, आणि पुढची सूचना थेट ‘शेवटची सक्त ताकीद’ होऊन येते. अतिसौम्य सूचना आणि अपमानकारक सूचना यांच्यात अनेकदा महिनाभराचेच अंतर असते. जिथे नियम आहे तिथे ‘शक्यतो’ नको, आणि जिथे खरोखर विनंतीच आहे तिथे दंडाची भाषा नको. सणाच्या रात्री आवाज जरा कमी ठेवा, ही विनंती असू शकते. लिफ्टमध्ये सहापेक्षा जास्त माणसे नकोत, ही विनंती असू शकत नाही.

‘कृपया’ या शब्दावर फार भरवसा ठेवू नये. ‘कृपया आपला कचरा आपल्याच दारात ठेवण्याची तसदी घ्यावी’ या वाक्यात कृपया आहे आणि टोमणाही आहे. तो ‘तसदी’त आहे आणि ‘आपल्याच’मधल्या ‘च’मध्ये आहे. सूर बिघडवणारी अशी बारकी अक्षरे आणि शब्द नेहमीचेच आहेत: ‘च’, ‘तरी’, ‘तर’, ‘सुद्धा’, ‘मात्र’. ‘सभासदांनी बिल वेळेवर भरावे’ आणि ‘सभासदांनी बिल तरी वेळेवर भरावे’ ही वाक्ये एका शब्दाने वेगळी आहेत, पण दुसऱ्यात ‘बाकी तुम्ही काही करत नाहीच’ हे न लिहिताही वाचले जाते. मसुदा झाल्यावर ही अक्षरे शोधून काढून पाहावीत. अर्थ तोच राहिला तर ती रागापोटीच आलेली होती.

अवतरणचिन्हे हाही असाच एक सापळा आहे. ‘काही “जागरूक” सभासद’ असे लिहिले की चिन्हांचा अर्थ सगळ्यांना कळतो, आणि तो सभासद कोण हेही कळते. उद्गारचिन्हाची गरज आग, गॅसगळती, बंद पडलेली लिफ्ट अशा सूचनांना असते. ते पार्किंगवर खर्च करू नये. शेवटची सही हाही सुराचाच भाग आहे. ‘हुकुमावरून’ हा सरकारी कचेरीतून आलेला शब्द सभासदांनीच निवडून दिलेल्या कमिटीच्या तोंडी शोभत नाही. ‘व्यवस्थापक समितीच्या वतीने, सचिव’ असे लिहिले की निर्णय एका माणसाचा नाही हेही आपोआप सांगून होते.

एकाची चूक, सगळ्यांना दटावणी

सूचनेचा सूर ठीक झाला तरी एक प्रश्न राहतो: ही सूचना सगळ्यांसाठी आहे का? चाळीस घरांच्या इमारतीत पाहुण्यांच्या जागेत गाडी लावणारे बहुधा दोघे-तिघेच असतात आणि गेटवरच्या रक्षकाला ते गाडीच्या नंबरासकट ठाऊक असतात. त्या दोघांना थेट सांगणे अवघड जाते म्हणून सूचना चाळीस जणांना लावली जाते. ज्यांना सांगायचे ते ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून सोडून देतात आणि ज्यांचा संबंध नाही त्यांना ते लागते.

यावर उपाय म्हणजे दोन वेगळे कागद. बोर्डावर फक्त नियम, सगळ्यांसाठी, कोणाच्याही चुकीचा उल्लेख न करता. आणि ज्याची चूक आहे त्याला बंद पाकिटात, नावाने, तारीख-वेळ घालून पत्र: ‘दिनांक अमुक रोजी रात्री आपली गाडी क्रमांक अमुक पाहुण्यांच्या जागा क्रमांक ४ मध्ये होती.’ भाडेकरूच्या बाबतीत हे पत्र घरमालकाच्या नावाने जायला हवे आणि त्याची प्रत भाडेकरूला. भाडेकरू संस्थेचा सभासद नसतो. संस्थेचा व्यवहार सभासदाशी असतो. ‘भाडेकरूंनी विशेष ध्यानात ठेवावे’ हे वाक्य म्हणूनच अपमानकारक आहे तितकेच निरुपयोगीही आहे.

आता हे सगळे लावून पार्किंगची सूचना पुन्हा लिहिली तर ती साधारण अशी होईल:

‘विषय: पाहुण्यांच्या पार्किंगचा वापर

प्रवेशद्वाराजवळील जागा क्रमांक १ ते ६ पाहुण्यांच्या गाड्यांसाठी आहेत. रहिवाशांच्या गाड्यांना या जागा वापरता येणार नाहीत. पाहुण्यांच्या गाडीची नोंद गेटवरील वहीत फ्लॅट क्रमांकासह करावी. गाडी सलग दोन रात्रींपेक्षा जास्त ठेवायची असल्यास सचिवांना आधी लेखी कळवावे.

रहिवाशाची गाडी या जागेत आढळल्यास पहिल्या वेळी फोन करून कळवले जाईल. पुन्हा आढळल्यास कारणे दाखवा नोटीस देऊन व म्हणणे ऐकून घेऊन उपविधींनुसार दंड आकारला जाईल. हा नियम सर्वसाधारण सभेच्या ठरावानुसार असून येत्या १ तारखेपासून लागू होईल. (येथे ठरावाचा क्रमांक व दिनांक.)

ज्यांना दुसऱ्या गाडीसाठी जागेची अडचण आहे त्यांनी महिनाअखेरीपर्यंत कार्यालयात अर्ज द्यावा. आलेले अर्ज पुढील समिती सभेत घेतले जातील.

व्यवस्थापक समितीच्या वतीने, सचिव’

या मजकुरात ‘कृपया’ एकदाही नाही आणि तो कोणाला लागतही नाही. आधीच्या ताकिदीपेक्षा तो कडक आहे, कारण यात पळवाट उरलेली नाही. शेवटचा परिच्छेद सगळ्यात महत्त्वाचा. नियम मोडणाऱ्यांतले बरेच जण अडचणीमुळे मोडतात, आणि अडचण सांगायची जागा सूचनेतच दिली की विरोधाची धार कमी होते. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर आदर्श उपविधींमध्ये चिठ्ठ्या टाकून वाटप करण्याची सोय आहे.

थकबाकीची यादी

जिथे सूर चुकला तर प्रकरण भावना दुखावण्यापुरते राहत नाही, अशी सूचना म्हणजे मेंटेनन्सच्या थकबाकीची. ‘फुकटात राहणाऱ्यांची यादी’ असा मथळा देऊन नावे आणि रकमा लिफ्टजवळ चिकटवणाऱ्या कमिट्या आहेत. यात दोन धोके आहेत. पहिला हिशेबाचा. कायद्याच्या दृष्टीने थकबाकीदार ठरायला बिल किंवा लेखी मागणी मिळाल्यावर तीन महिने उलटावे लागतात. गेल्या महिन्याचे बिल राहिलेला माणूस त्या अर्थाने थकबाकीदार नसतो. शिवाय कोणाचा चेक वटायचा असतो, कोणी ऑनलाइन भरलेले असते पण फ्लॅट क्रमांक टाकलेला नसतो, कोणाची बिलाबद्दल लेखी तक्रार पडून असते. दुसरा धोका अब्रूचा. ज्याने पैसे भरले आहेत त्याचे नाव अशा यादीत लागले तर तो बदनामीची तक्रार करू शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी हा गुन्हा आहे.

थकबाकीचे पत्र म्हणून घरोघर आणि वेगवेगळे जायला हवे, आणि त्यात वाक्य असे हवे की पैसे भरलेल्या माणसाला आपली बाजू सांगायला जागा राहील. ‘आपण तीन महिने पैसे बुडवले आहेत’ या वाक्याला उत्तर भांडणानेच येते. ‘आपल्या सदनिकेचा एप्रिल ते जून या तीन महिन्यांचा भरणा संस्थेच्या वहीत जमा दिसत नाही. भरला असल्यास पावती किंवा व्यवहाराचा क्रमांक कळवावा’ या वाक्याला बहुतेक वेळा एक तर पावती येते किंवा पैसे येतात. पुढच्या ओळीत रक्कम, भरण्याची अंतिम तारीख आणि व्याजाचा दर. व्याज आदर्श उपविधींनुसार वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के, सरळ व्याजाने, आणि नेमका दर सर्वसाधारण सभेने ठरवलेला. त्याखाली, मुदतीत भरणा न झाल्यास कलम १५४ब-२९ नुसार कार्यवाही होईल एवढे एक वाक्य. पत्र चार ओळींचे होते. त्यात कोणाच्या नियतीवर बोट नाही, आणि कोणाला सूटही नाही.

घरात आजारपण असेल, नोकरी गेली असेल, तर तोही मुद्दा असतो. ‘रक्कम हप्त्यांनी भरायची असल्यास खजिनदारांना भेटावे’ असे लिहायला हरकत नाही, मात्र कमिटीने तसे खरोखर ठरवलेले असेल तरच. सूर सौम्य करण्यासाठी न ठरलेली सवलत लिहिली, की पुढच्या वेळी ती नाकारताना कमिटीवरच खोटेपणाचा आरोप येतो.

जिथे सुराचा इलाज चालत नाही

‘घरकाम करणाऱ्या व्यक्तींनी व डिलिव्हरीसाठी येणाऱ्यांनी कृपया सभासदांच्या लिफ्टचा वापर टाळावा, ही नम्र विनंती.’ या वाक्यात एकही कठोर शब्द नाही. ‘मोलकरणी’ऐवजी ‘घरकाम करणाऱ्या व्यक्ती’ असे काळजीपूर्वक लिहिले आहे. तरीही ते वाक्य अपमानकारक आहे, कारण अपमान शब्दांत नाही, नियमातच आहे. दहाव्या मजल्यावर रोज भांडी घासायला येणाऱ्या बाईला जिना चढायला लावणारा नियम कितीही नम्र लिहिला तरी नम्र होत नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. कामगार म्हणून ज्यांची नोंद राज्य घेते त्यांना इमारतीत माणसासारखे वागवणे एवढी किमान अपेक्षा आहे.

सूर तपासण्याचा इथे वेगळा उपयोग होतो: नियमाच्या मागची खरी अडचण सापडते. लिफ्टच्या सूचनेमागे अनेकदा सामानाची तक्रार असते. सिमेंटच्या गोण्या, फर्निचर, पाण्याचे जार यांनी लिफ्टच्या भिंती ओरखडतात, दरवाजे अडकतात. मग नियम सामानाचा करावा: ‘बांधकाम साहित्य, फर्निचर व जड सामान मोठ्या लिफ्टनेच न्यावे.’ हा नियम सभासदाच्या नव्या कपाटालाही लागू होतो. सूचनेत माणसांच्या एखाद्या गटाचे नाव आले – भाडेकरू, बॅचलर, कामवाल्या, डिलिव्हरीवाले, अमक्या विंगचे रहिवासी – की थांबून विचारावे: आपल्याला नको आहे ती कृती कोणती? ती कृती लिहिता आली तर गटाचे नाव गळून पडते. कृती सांगताच आली नाही, तर सूचना लावण्यासारखी नाही.

लावण्याआधी वाचून दाखवा

शेवटची तपासणी कानाने करायची असते. लिहिणाऱ्याला स्वतःच्या मजकुरातला टोमणा ऐकू येत नाही, कारण त्याच्या मनात मागचे भांडण चालू असते. म्हणून रात्री लिहिलेली सूचना सकाळी वाचावी. पाणी बंद राहणार, लिफ्टची दुरुस्ती, टाकी धुण्याची वेळ अशा तातडीच्या सूचनांना हा नियम लागू नाही. त्यांत रागाला जागाच नसते.

सूचना मोठ्याने वाचून दाखवावी ती शक्यतो कमिटीबाहेरच्या माणसाला. एखाद्या ज्येष्ठ सभासदाला ती नीट कळते का ते पाहावे. ज्याला ती लागू होते त्याला, म्हणजे दोन गाड्यांच्या मालकाला किंवा भाडेकरूला, तिच्यात काही खुपते का ते विचारावे. आणि गेटवरच्या रक्षकाला तर नक्की दाखवावी, कारण नियम अमलात आणताना समोरच्याचा राग त्याच्यावर निघणार असतो. ‘साहेब, रात्री अकरानंतर पाहुणा आला तर नोंद कोणी करायची?’ असा प्रश्न त्याच्याकडूनच येतो, आणि तो प्रश्न कुठल्याही विशेषणापेक्षा सूचनेला जास्त उपयोगी असतो.

ज्या इमारतीत सूचना मराठीबरोबर हिंदी-इंग्रजीतही लागते तिथे तिन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचावेत. इंग्रजी मजकूर कायद्याचा आणि कोरडा, तर मराठी मजकूर ‘सक्त मनाई’ आणि ‘कठोर कारवाई’ने भरलेला, असे पुष्कळदा होते. मग मराठी वाचणाऱ्या रहिवाशांना आणि कामगारांना तेवढ्यापुरते जास्त दरडावलेले असते. नियम एक तर सूरही एकच हवा.

पुढची सूचना लिहायला बसणाऱ्या सेक्रेटरींनी एवढे करावे. माणसांबद्दलची वाक्ये खोडावीत, जागा-तारीख-ठराव भरावेत, देता येत नाही ती शिक्षा काढावी, आणि अडचण असलेल्याने कुठे यावे ते लिहावे. मग ती सूचना गेटवरच्या रक्षकाला वाचून दाखवावी, त्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे तिच्यात घालावीत, आणि त्यानंतरच तिच्यावर संस्थेचा शिक्का मारावा.